तीन पोझवरचा वॉक सायकल: काही महिने वापरून झाल्यावर

वॉक सायकल म्हणजे पुन्हापुन्हा फिरवता येणारं दोन पावलांचं चालणं. त्यात पुढची टाच टेकते ती कॉन्टॅक्ट, एक पाय दुसऱ्याशेजारून जातो ती पासिंग आणि शरीर सर्वांत उंच असतं ती अप, एवढ्या तीनच पोझ हाताने लावायच्या आणि बाकी सॉफ्टवेअरवर सोडायचं, या पद्धतीने मी गेले काही महिने लो-पॉली पात्रं चालवतोय. काम ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये, सेकंदाला २४ फ्रेम. पहिल्या फ्रेमवर कॉन्टॅक्ट, ७ वर पासिंग, १० वर अप. पुढच्या पावलासाठी याच पोझ `Paste Pose Flipped` ने १३, १९ आणि २२ वर उलटवायच्या. बोन्सच्या नावात `.L` आणि `.R` असलं की झालं. २५ वर पहिलीचीच प्रत, पण प्लेबॅक २४ लाच थांबवायचा, नाहीतर तीच पोझ दोनदा दिसून चाल दर फेरीला अडखळते.

एवढं सोपं आहे. खरी कटकट गुडघ्याची.

माझ्या नेहमीच्या पात्राचा पाय घोट्यापासून कमरेपर्यंत ८० सेंमी, मांडी आणि पोटरी सारखीच. पाऊल ६० सेंमीचं, म्हणजे कॉन्टॅक्टला दोन्ही घोटे कमरेपासून ३० सेंमी पुढे-मागे. कंबर घोट्याच्या ७४ सेंमी वर ठेवली की पुढचा पाय काठीसारखा ताठ होतो, आणि आयके असल्यामुळे, म्हणजे घोटा ठेवला की गुडघ्याचा कोन सॉफ्टवेअरच काढत असल्यामुळे, पुढच्याच फ्रेमला गुडघा फटकन उडतो. कारण साधं आहे. ताठ पाय फक्त १ सेंमी आखडला तरी गुडघा १८ अंश वाकतो. त्यानंतरच्या सेंमीला जेमतेम ८. म्हणून तो पहिला सेंमी मी कधीच वापरत नाही. कॉन्टॅक्टला कंबर ७३, पासिंगला ७७, अपला ७९.

अपमध्ये पाय ताणण्याचा मोह सर्वांत जास्त होतो, कारण शरीर तिथेच सर्वांत उंच असतं. पण उंची गुडघ्यातून नाही, टाचेतून काढायची. टाच उचलून घोटा ३ सेंमी वर घेतला की कंबर ७९ ला नेऊनही गुडघ्यात वाक शिल्लक राहतो.

दुसरी अडचण पाय घसरण्याची. जागेवरच चालणाऱ्या सायकलमध्ये टेकलेला पाय फ्रेम १ ते १३ दर फ्रेमला ५ सेंमी मागे जायला हवा. ब्लेंडर हालचालीच्या कर्व्हला मूळची बेझिअर वळणं देतो, म्हणजे वेग हळूहळू वाढतो आणि हळूहळू कमी होतो, त्यामुळे तो आधी रेंगाळतो, मग धावतो. तेवढ्या भागाला, तेही फक्त पुढे-मागेच्या कर्व्हला, लिनिअर, म्हणजे एकसमान वेगाचं, करायचं. हवेतल्या पायाची वळणं तशीच राहू द्यायची. तपासायला जमिनीवर एक क्यूब त्याच वेगाने मागे सरकवतो. टाच त्याच्यापासून हलली की लगेच कळतं.

पद्धतीची मर्यादाही आहे. यात कॉन्टॅक्टनंतर शरीर खाली दबतं ती डाउन पोझ नाही, त्यामुळे कंबर कॉन्टॅक्टलाच सर्वांत खाली असते आणि पात्र हलकं वाटतं. कॅमेऱ्यापासून लांबच्या छोट्या पात्रांना ते शोभतं. धिप्पाड पात्राला मात्र फ्रेम ४ वर, आणि उलटवून १६ वर, कंबर ७० पर्यंत उतरवून पुढचा गुडघा वाकवावाच लागतो.