अन्येहो म्हणून घेतलेल्या दोन बाटल्या

कंपनीच्या कामासाठी पुण्याहून मेक्सिकोतल्या ग्वादालाहाराला आपली बरीच मंडळी येत असतात आणि आल्यावर एखाद्या शनिवारी टकीला गाव बघायला जातातच. शहरापासून साधारण ६० किलोमीटर. मीही गेले होते. तिथे माझे ३,६०० पेसो गेले. ते कसे गेले हे सविस्तर लिहिते, कारण त्याच रस्त्यावर उद्या तुमच्यापैकी कोणीतरी असणार आहे.

व्हॅनवाल्याने गावात शिरण्याआधी एका दुकानापाशी गाडी थांबवली. "ओळखीचे आहेत, चव बघायला पैसे लागत नाहीत," म्हणाला. आत अंधार, लाकडाचा वास आणि भिंतीला टेकून उभं असलेलं एक भलंमोठं लाकडी पिंप, माझ्यापेक्षा उंच. दुकानदार त्यावर थाप मारून म्हणाला, "अन्येहो. पाच वर्षं यातच मुरलेली. आमच्या घरची." मग छोट्या पेल्यांत बर्फासारखी गार टकीला आली, सोबत मीठ आणि लिंबाच्या फोडी. मीठ चाटा, एका घोटात संपवा, लिंबू चावा. रंग गडद मधासारखा, चव गोड. कातडी वेष्टनातली बाटली त्याने जोरात हलवली, वर बुडबुड्यांची माळ उभी राहिली, आणि "हीच खऱ्या टकीलाची खूण," म्हणाला. मला पटलं. पुण्याच्या दादासाठी म्हणून मी दोन बाटल्या घेतल्या, एकेक १,८०० पेसोची. पावती म्हणून कागदाच्या चिठोऱ्यावर फक्त 'दोन बाटल्या' आणि रक्कम.

आमचे घरमालक सत्तरीचे आहेत. त्यांची अर्धी हयात एका टकीला कारखान्याच्या गोदामात, पिंपांच्या देखरेखीत गेली. मी कौतुकाने बाटली दाखवली तेव्हा त्यांनी ती उघडलीही नाही. आधी विचारलं, "पिंप केवढं होतं?"

मी हात वर करून दाखवलं. ते म्हणाले, "मग ती अन्येहो नाही."

कारण त्यांनी समजावून सांगितलं. ब्लांको म्हणजे ऊर्ध्वपातन झाल्यावर तशीच, किंवा फार तर दोन महिन्यांच्या आत भरलेली. रेपोसादो ओकच्या लाकडात किमान दोन महिने राहते आणि तिच्यासाठी पिंप कितीही मोठं चालतं, हजारो लिटरचंसुद्धा. अन्येहोला मात्र किमान एक वर्ष लागतं आणि पिंप ६०० लिटरहून मोठं असून चालत नाही. लहान पिंपात दारूच्या मानाने लाकडाचा स्पर्श जास्त, म्हणून व्हॅनिला, भाजलेलं लाकूड, थोडा तुरटपणा हे सगळं तिच्यात उतरतं. मोठ्या पिंपात ते जेमतेम उतरतं. आणि तीन वर्षांच्या पुढे गेलेल्या टकीलाला २००६ पासून 'एक्स्ट्रा अन्येहो' असं वेगळं नाव आहे. पाच वर्षं खरोखर मुरवणारा माणूस ते महागडं नाव सोडून नुसतं अन्येहो म्हणून कशाला विकेल?

मग त्यांनी बाटली फिरवली. पुढे कातड्यावर सोनेरी अक्षरांत 'रेझर्वा'. मागे नखाएवढ्या अक्षरांची पट्टी, तिच्यावर 'टकीला होवेन'. होवेन म्हणजे तरुण. या वर्गात बहुतेक वेळा न मुरवलेल्या टकीलात कॅरमेलचा रंग, साखरेचा पाक, ग्लिसरीन किंवा ओकचा अर्क असं काहीतरी घालून तिला मुरलेल्याचं रूप दिलेलं असतं. अगावे म्हणजे ज्या वनस्पतीपासून टकीला होते ती; '१००% अगावे' हे शब्द कुठेच नव्हते. ते नसले की समजायचं, निम्म्याच्या आसपास साखर अगावेची नसून दुसरी, बहुधा उसाची असू शकते. कायद्याला अगावेची ५१% साखर पुरते. पट्टीवर नोमचा, म्हणजे मेक्सिकोच्या सरकारी मानकाचा, चार आकडी क्रमांक होता, म्हणून मला धीर आला होता. पण तो क्रमांक फक्त कारखाना कोणता ते सांगतो आणि १००% अगावे असो वा नसो, तो दोन्ही प्रकारांवर असतो. म्हणजे बाटलीवर खोटं काहीच छापलेलं नव्हतं. खोटं होतं ते दुकानदाराच्या तोंडात.

त्यानंतर जे त्यांनी दाखवलं ते मी विसरणार नाही. त्यांच्या कपाटातल्या ब्लांकोचे चार थेंब माझ्या एका तळहातावर, माझ्या बाटलीतले चार दुसऱ्यावर. "चोळा, वाळू द्या." ब्लांकोचा हात कोरडा झाला आणि त्याला भाजलेल्या रताळ्याचा वास येत राहिला, मागे किंचित मिरीचा. भट्टीत शिजलेल्या अगावेच्या गड्ड्याचा तो वास. दुसरा हात चिकट झाला, गुलाबजामचा पाक सांडल्यासारखा, आणि वासही जळक्या साखरेचाच. ही परीक्षा पक्की नव्हे, हे त्यांनीच सांगितलं. मुरवलेल्या १००% अगावे टकीलातही थोडं कॅरमेल किंवा पाक घालायला परवानगी आहे, त्यामुळे नुसता चिकटपणा म्हणजे भेसळ असं म्हणता येत नाही. पण रताळ्याचा मागमूसच नाही, तर सावध व्हायचं. बुडबुड्यांच्या माळेचं त्यांनी ऐकलं आणि मान हलवली. ती माळ दारूत अल्कोहोल किती आहे याचा अंदाज देते, वयाचा नाही.

मला सगळ्यात जास्त लागलं ते लिंबाचं. त्यांनी दोन मार्गारिता केल्या, एक त्यांच्या ब्लांकोची, एक माझ्या बाटलीची. प्रत्येकीत टकीला, संत्र्याची लिक्युअर आणि ताजा लिंबाचा रस. ब्लांकोच्या पेल्यात लिंबाच्या मागून ती हिरवी, तिखट चव येत होती. तेवढ्यासाठीच मिसळायला ब्लांको घेतात. माझ्या पेल्यात नुसतं गोड सरबत. मग त्यांनी स्वतःची खरी अन्येहो चमचाभर घेऊन लिंबू पिळलं आणि चव बघायला दिली. व्हॅनिला गायब आणि लाकडाचा तुरटपणा कडवट होऊन जिभेवर आलेला. वर्षभर पिंपात घालवून मिळवलेलं सगळं एका फोडीने पुसलं गेलं. म्हणून अन्येहो साध्या पेल्यात, न गारवता, घोट घोट प्यायची. रेपोसादो मधली. ती तशीही चालते आणि ग्रेपफ्रूटच्या सोड्याबरोबर, पालोमा नावाच्या कॉकटेलमध्येही तग धरते.

म्हणजे त्या दुकानात गारवा, मीठ आणि लिंबू हे पाहुणचार म्हणून नव्हतेच. गार दारूला वास फारसा येत नाही, आणि वास नाही तर जीभ काय ओळखणार? तुम्हाला कोणी अन्येहो म्हणून लिंबाबरोबर देत असेल, तर लिंबू बाजूला ठेवा आणि तीच टकीला न गारवलेली मागा. पेला दोन मिनिटं हातात धरून हुंगा. द्यायला कां-कूं केली तर उठा. आणि पैसे देण्याआधी बाटलीचं वेष्टन सरकवून मागची पट्टी वाचा: '१००% अगावे' आणि वर्गाचं नाव. मुंबईत किंवा गोव्यात घेतानाही हेच बघा. बाटली मेक्सिकोबाहेर भरलेली असेल तर ती १००% अगावे नव्हेच, कारण त्या प्रकाराला मेक्सिकोतच, ठरलेल्या प्रदेशात बाटलीबंद करावं लागतं.

मी पुढच्या शनिवारी परत गेले होते. दुकानदाराने पट्टीवर बोट ठेवून सांगितलं, "इथे होवेनच लिहिलंय." चिठोऱ्यावर प्रकाराचं नाव नव्हतं, त्यामुळे तक्रारीला काही आधारच नव्हता. पावतीवर 'अन्येहो, १००% अगावे' असं लिहून घ्यायला हवं होतं. लिहायला तो तयार झाला नसता, आणि तेवढ्यावरच मला कळलं असतं.

दादासाठी नंतर घरमालकांबरोबर साध्या किराणा दुकानातून १००% अगावेची एक ब्लांको आणि एक रेपोसादो घेतली. दोन्ही मिळून त्या एका बाटलीच्या निम्म्या किमतीत आल्या. न उघडलेली दुसरी बाटली मी ऑफिसच्या खणात ठेवली आहे. टकीलाला निघालेला कोणी विचारायला आला की ती उलटी करून हातात देते आणि मागची पट्टी मोठ्याने वाचायला लावते.