दोन इंची की तीन इंची? काउंटरवरचा बिल प्रिंटर घेताना

सांगलीत आमचं किराणा दुकान. चार वर्षं दोन इंची प्रिंटर वापरला, आता तीन इंची आहे. दोन्ही वाईट नाहीत. टपरी, रिचार्जचं दुकान किंवा घरपोच डिलिव्हरीला दोन इंची पुष्कळ झाला.

कागदाच्या बचतीचा हिशेब मात्र करून बघा. दोन इंचीवर नेहमीच्या अक्षरात एका ओळीत 32 अक्षरं बसतात, तीन इंचीवर 48. नग, दर, रक्कम यांना जागा दिली की दोन इंचीवर नावाला तेरा-चौदा अक्षरं उरतात. ‘बेदाणा हिरवा लांब 500 ग्रॅम’ दुसऱ्या ओळीत उतरतो. वीस वस्तूंचं बिल जवळपास दुप्पट लांब व्हायचं, म्हणजे अरुंद रोल घेऊन वाचवलेला कागद लांबीत जायचा.

पण मला खरा त्रास झाला तो डुप्लिकेट प्रतीचा. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा छापलेल्या बिलावर ‘डुप्लिकेट’ ही ओळ सगळ्यात शेवटी यायची. छपाईचं हेड आत असतं आणि कागद फाडायची पट्टी त्याच्या थोडी पुढे. शेवटची ओळ छापल्यावर कागद आणखी पुढे सरकला नाही, तर खालच्या दोन-तीन ओळी आतच राहतात. दिवाळीच्या गर्दीत पोरगा घाईनं कागद ओढायचा. त्यामुळे दुबार बिल कोरं जायचं आणि ‘डुप्लिकेट’ हा शब्द पुढच्या गिऱ्हाइकाच्या मूळ बिलाच्या माथ्यावर! एका ताई तेलाचा डबा परत करायला आल्या, तर त्यांच्या खऱ्या बिलावरच तो शिक्का. मूळ बिल दाखवा म्हणून मी त्यांना उभं करून ठेवलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

दोन इंचीवर यावर इलाज आहे. शेवटी पाच ओळी कोरा कागद सोडायचा (`ESC d 5`) आणि शिक्का वर घ्यायचा. पण हातानं फाडणं आलं की घाई आलीच. माझ्या तीन इंचीला ऑटो कटर आहे. `GS V 66 0` पाठवलं की कागद कटरपर्यंत सरकतो, मगच कापला जातो. शिवाय रुंदी असल्यामुळे ही ओळ सलग बसते:

```
बिल क्र. 1187 | 21-10-25 18:42 | डुप्लिकेट 1
```

बिल नंबर आणि शिक्का एकाच ओळीत, त्यामुळे एक फाटून दुसरं उरत नाही. वेळ मूळ बिलाचीच ठेवायची, दुबार छपाईची वेळ खाली वेगळी. शेवटचा आकडा कितव्यांदा छापलं ते सांगतो. तो सॉफ्टवेअरनं स्वतः वाढवायला हवा. काउंटरवरून बदलता येत असेल तर उपयोग नाही.

घाऊक मालाचं जीएसटी बिल देत असाल तर एक सांभाळा. तिथे ‘डुप्लिकेट’ म्हणजे वाहतूकदाराची प्रत. म्हणून त्या बिलांवर मी ‘दुबार छपाई’ असं लिहून घेतलंय.

महिन्याला दोन-चारच बिलं पुन्हा निघत असतील तर दोन इंचीवर भागेल. बदली-परतीची वर्दळ असेल तर मी कटरवाल्या तीन इंचीकडेच बोट दाखवीन.