सोलापूरच्या फ्लॅटमध्ये दहा महिने बादलीत खत: सगळा खेळ ओलाव्याचा

फेब्रुवारीत सुरू केलं, आता डिसेंबर लागलाय. जुळे सोलापुरात तिसऱ्या मजल्यावर आमचा दोन खोल्या-स्वयंपाकघराचा फ्लॅट आहे. घरात चार माणसं: आम्ही दोघं, सासूबाई आणि दहावीतला मुलगा. गच्चीची किल्ली सोसायटीकडे असते, त्यामुळे जे काही करायचं ते कपडे वाळत घालायच्या बाल्कनीतच. सुरू करण्याआधी मी जी माहिती वाचली ती बहुतेक पुण्या-मुंबईच्या घरांतली होती. तिथे सगळ्यांची तक्रार एकच, की खत फार ओलं होतं, वास येतो. आमच्याकडे वर्षातले निम्मे महिने नेमका उलटा त्रास होतो, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी सामान. मिठाईवाल्याकडून तेलाच्या रिकाम्या 20 लिटरच्या झाकणाच्या बादल्या आणल्या. बाजूने आणि तळाला ड्रिलने पेन्सिल जाईल एवढी भोकं पाडली आणि विटेच्या तुकड्यांवर ठेवून खाली एक जुनी परात सरकवली. रंगाच्या डब्याची बादली फुकट मिळत होती, पण तळाशी चिकटलेला रंग पूर्ण निघत नाही, म्हणून घेतली नाही. विरजण म्हणून पहिल्या थरावर दोन मुठी शेणखत आणि वाटीभर आंबट ताक घातलं.

ओल्या कचऱ्यावर घालायला काहीतरी कोरडं लागतं. भाजीपाल्यात नत्र आणि पाणी जास्त असतं, त्याला कार्बनची आणि हवेची जोड हवी. बहुतेक लोक कोकोपीट विकत आणतात. मी शेंगांची टरफलं वापरली. शेंगाचटणीशिवाय आमचं पान वाढलं जात नाही, त्यामुळे शेंगा घरीच फोडतो. कमी पडली तर कोपऱ्यावरचा शेंगा भाजणारा पिशवीभर देतो. टरफलाची एकच अडचण आहे, ते कुजायला फार वेळ घेतं. पहिल्या बादलीत मी ती अख्खी टाकली आणि खत तयार झालं तरी टरफलं तशीच होती. आता पोत्यात भरून वरून लाटणं फिरवते आणि चुरा करून घालते. चुऱ्यानंतरही जी उरतात ती चाळून पुढच्या बादलीत जातात, तिथे ती विरजणाचंही काम करतात.

आमचा ओला कचरा रोज साधारण 700 ग्रॅम निघतो. आठवडाभर वजन करून पाहिलं होतं. भाज्यांचे देठ, चहाचा चोथा, फळांची सालं, शिळ्या भाकरीचे तुकडे. रस्सा, तेलकट उरलेलं आणि हाडं मी घालत नाही. बादली भरायला पाच आठवडे लागले, कारण कचरा रोज खाली बसत जातो. सगळ्यांनी दोन बादल्या पुरतात असं सांगितलं होतं. आम्हाला त्या पुरल्या नाहीत. भरलेल्या बादलीला मुरायला किमान दहा आठवडे हवेत आणि दुसरी तर पाच आठवड्यांत भरते. मी हा हिशेब आधी केला नाही आणि पाच आठवडे मुरलेलं खत घाईने काढून कढीपत्त्याला घातलं. पंधरा दिवसांत खालची पानं पिवळी पडली. अर्धवट कुजलेला माल मातीत गेला की जिवाणू त्याचं कुजणं पुरं करायला मातीतलंच नत्र ओढून घेतात, झाडाला उरत नाही. एप्रिलमध्ये तिसरी बादली आणली तेव्हा चक्र बसलं: एक भरते आहे, दोन मुरताहेत.

आता मुख्य गोष्ट, मे महिना.

तिसरी बादली भरायला घेऊन तीन आठवडे झाले होते. बाहेर पारा 42च्या वर, दुपारी वारा भट्टीसारखा. वास नाही, चिलटं नाहीत, त्यामुळे मी खूश होते. एक दिवस बादलीच्या भोकातून मुंग्यांची रांग आत जाताना दिसली. उलथण्याने खणून पाहिलं तर दुधी भोपळ्याची सालं पापडासारखी कडकडीत, कोथिंबिरीच्या काड्या हिरव्याच, आणि तीन आठवड्यांपूर्वीची केळ्याची साल ओळखू येत होती. काहीच कुजलं नव्हतं, सगळं फक्त वाळलं होतं. वास आला नाही, कारण आत काही घडतच नव्हतं.

कुजवणारे जिवाणू कचऱ्याच्या कणांवर जी पाण्याची पातळ साय असते तिच्यात जगतात. ती सुकली की ते मरत नाहीत, पण निपचित पडतात. ताज्या भाजीत पाणी भरपूर असतं, मग ते गेलं कुठे? बादली लहान, चहूबाजूंनी भोकं, बाल्कनी पश्चिमेची, आणि मी सगळ्यांच्या सांगण्याप्रमाणे ओल्याच्या निम्मं कोरडं घालत होते. शेतातला मोठा ढीग आतून ओल धरून ठेवतो, बादलीला ते जमत नाही.

ओलावा पाहायला यंत्र लागत नाही. मधल्या थरातून मूठभर उचलायचं आणि घट्ट दाबायचं. बोटांच्या फटीत एक-दोन थेंब डोकावले आणि मूठ उघडल्यावर गोळा राहिला तर ओलावा बरोबर आहे. धार लागली तर जास्त. गोळा न होता भुगा सांडला तर कमी. मुंग्यांनी घर केलं तर हमखास कमीच. माझी मूठ उघडली तेव्हा सरळ भुगा सांडला.

आमच्या नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे प्यायचं पाणी बादलीत ओतायला मन धजेना. तांदूळ आणि डाळ धुतलेलं पाणी साठवलं. पहिल्या दिवशी अर्धा लिटर शिंपडलं आणि खालून वर हलवलं. एकदम सगळं ओतलं तर ते कडेच्या भोकांतून परातीत उतरतं, वाळलेली सालं ते लगेच शोषत नाहीत. म्हणून तीन दिवस रोज अर्धा लिटर घातलं. तिसऱ्या दिवशी मूठ जमली. पाचव्या दिवशी हात घातला तर आत कोमट लागलं आणि मुंग्या गेल्या होत्या. त्यानंतर तीन बदल केले. बादली पश्चिमेच्या कठड्यापासून उचलून आतल्या भिंतीच्या सावलीत आणली, बाहेरून गोणपाट गुंडाळून ते दिवसाआड ओलं करायला लागले, आणि वरची भोकं चिकटपट्टीने बंद केली. कोरडं घालणं वाटीभर ओल्याला पाव वाटीवर आणलं.

पावसाळ्यात हे सगळं उलटं फिरलं. आमच्याकडे खरा जोर सप्टेंबरात असतो. मी मेमधलीच पाव वाटी चालू ठेवली आणि आठवड्यात बादलीतून सडका वास यायला लागला. मुठीतून धार लागली, खालच्या थरात हवाच नव्हती. फाडलेली वर्तमानपत्रं आणि टरफलांचा चुरा मिळून ओल्याएवढंच कोरडं घातलं, रोज हलवलं, चौथ्या दिवशी वास थांबला. त्याच दिवसांत करड्या रंगाच्या जाड अळ्या दिसल्या आणि सासूबाई बादली खाली फेकून द्यायला निघाल्या होत्या. या सैनिक माशीच्या अळ्या. त्या उलट कचरा भराभर खातात आणि घरात अन्नावर घोंगावणारी माशी ती नव्हे. तरी कुणाला किळस वाटत असेल तर झाकणाखाली कापड बांधावं. मी घरातल्या जुन्या सोलापुरी टॉवेलचा तुकडा दोरीने बांधते. हवा खेळते, माशी अंडी घालायला आत शिरत नाही. हा टॉवेल उन्हाळ्यात मात्र काढून झाकणच लावावं, नाहीतर ओल उडून जाते.

वर्गीकरण किती काटेकोर आहे हे मला खत चाळताना कळलं. पहिल्या बादलीचं खत वाळूच्या चाळणीतून काढलं तेव्हा चाळणीत दुधाच्या पिशव्यांचे अकरा कोपरे, सफरचंदावरचे गोल स्टिकर आणि चहाच्या पुड्यांच्या पिना उरल्या. आम्ही ओला-सुका वेगळा करतो असं मी छातीठोक सांगत होते. पिशवीचा कोपरा पूर्ण न कापता लोंबकळता ठेवला की तो पिशवीबरोबर सुक्यात जातो. तेवढी एक सवय सगळ्यांना लावायला महिना गेला. पिशवी विसळलेलं पाणी चहाच्या आधणात घालतो आणि पिशवी उलटी टांगून वाळवतो. ओली पिशवी सुक्या कचऱ्यातला कागदही नासवते.

घातक कचऱ्यासाठी झाकणाचा एक पत्र्याचा डबा कपाटावर, मुलांच्या हाताबाहेर ठेवलाय. 2016च्या घनकचरा नियमांत घरातला कचरा ओला, सुका आणि घरगुती घातक असा वेगळा द्यायला सांगितलं होतं, पण तिसऱ्यात काय येतं ते आमच्या मजल्यावर कुणालाच नीट माहीत नव्हतं. डब्यात दहा महिन्यांत रिमोटचे आणि घड्याळाचे सेल, मुदत संपलेल्या गोळ्या, सासूबाईंच्या इन्सुलिनच्या सुया, नेलपॉलिशच्या बाटल्या आणि एक सीएफएल दिवा जमला. सुया आधी जाड प्लास्टिकच्या बाटलीत, बूच घट्ट लावून. घंटागाडीवरच्या मावशी सुका कचरा हाताने चिवडतात, सुई त्यांच्या बोटात शिरते. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून, वर लाल टिपका काढून वेगळं देते, म्हणजे पुडी उघडली जात नाही. जुन्या औषधांची पूड किंवा सिरप खताच्या बादलीत अजिबात नको. प्रतिजैविकं जिवाणूंनाच मारतात आणि उरलेली मातीत जातात. सीएफएलमध्ये पारा असतो. तो फुटला तर झाडू न फिरवता खिडक्या उघडून खोलीबाहेर जावं आणि नंतर पुठ्ठ्याने तुकडे उचलावेत.

एका बादलीतून काय मिळालं? साधारण 24 किलो ओला कचरा आणि अडीच-तीन किलो टरफलं-कागद घातल्यावर चाळून साडेपाच किलो खत निघालं. बाकी बहुतेक पाणी होतं, ते उडालं. तयार झालं की नाही हे पाहायला मूठभर ओलसर खत पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस ठेवते. उघडल्यावर पावसानंतरच्या मातीचा वास आला तर तयार, आंबूस किंवा अमोनियाचा आला तर आणखी पंधरा दिवस. कुंडीत एक भाग खताला तीन भाग माती घेते. कढीपत्ता सावरला, नवीन फूट आली.

ज्यांच्या घरी रोज मटण-मासे होतात त्यांना ही पद्धत पुरणार नाही. आंब्याच्या कोयी आणि नारळाच्या करवंट्याही दहा महिन्यांत कुजल्या नाहीत, त्या मी आता घालतच नाही. आठवडाभर गावाला जायचं असेल तर बादली भरून हलवून झाकण लावून जावं, काही बिघडत नाही. मेमध्ये मात्र शेजारच्या काकूंना गोणपाट भिजवायला सांगून जाते. येत्या उन्हाळ्यासाठी तिन्ही बादल्यांना मापाची गोणपाटं शिवून तयार ठेवली आहेत.