आठ महिने स्मेड वापरून: वेळ वाचला, पण एका कपलिंगने महिनोन्‌महिने माल खाल्ला

स्मेड म्हणजे मशीनवरचा साचा एक आकडी मिनिटांत बदलायची पद्धत, हे इथे बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून फार त्यात शिरत नाही. मशीन बंद असतानाच करता येतील ती आतली कामं, मशीन चालू असताना उरकता येतील ती बाहेरची कामं. आतली जमतील तेवढी बाहेर काढायची. सांगायला एवढंच. आठ महिन्यांपूर्वी मला विचारलं असतं तर पाचपैकी पाच गुण देऊन मोकळा झालो असतो. आज चार देतो, आणि तो एक गुण का कापला त्यासाठीच हे लिहायला बसलोय.

आमचं प्लास्टिक इंजेक्शन मोल्डिंगचं मशीन 250 टनांचं. सर्वांत छळणारी अदलाबदल म्हणजे पीपी प्लास्टिकच्या डब्यावरून काचतंतू भरलेल्या नायलॉनच्या हाऊसिंगवर जाणं. डब्याला चिलरचं गार पाणी, हाऊसिंगच्या साच्याला 80 अंश. शेवटच्या चांगल्या डब्यापासून पहिल्या चांगल्या हाऊसिंगपर्यंत आम्ही व्हिडिओ काढला, तो 112 मिनिटांचा भरला. मोजायचं ते याच दोन टोकांमध्ये. साचा चढला की घड्याळ बंद करणारे स्वतःलाच फसवतात.

व्हिडिओ बघताना हसू आलं आणि लाजही वाटली. 27 मिनिटं निव्वळ शोधाशोध आणि वाट बघण्यात गेली होती. क्रेन दुसऱ्या टोकाला, आय बोल्ट कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये, आणि साचा बदलणारा सेटर तीनदा कॅमेऱ्याकडे बघून म्हणतो, "साहेब, लांब बोल्ट घेऊन आलोच." शिगेओ शिंगो यांना 1950 मध्ये हिरोशिमाच्या तोयो कोग्यो कारखान्यात हेच दिसलं होतं. प्रेसची डाय बदलताना एक बोल्ट सापडेना, म्हणून माणूस तो शोधत फिरत होता. पद्धतीची सुरुवात तिथून झाली. बोल्ट अजून हरवतातच.

शोधाशोध एका ट्रॉलीने संपवली. पुढच्या साच्याचे क्लॅम्प, बोल्ट, आय बोल्ट, होज, मशीनचं सेटिंग शीट, सगळं आदल्या तासात ट्रॉलीवर. नायलॉन आधीच सुकवून तयार. त्यावर जास्त लिहिण्यासारखं नाही, शिस्तीचं काम आहे.

खरी मजा आली साचा तापवण्यात. पूर्वी साचा चढवून होज जोडायचे, तापमान नियंत्रक चालू करायचा आणि 28 मिनिटं मशीनकडे बघत चहा प्यायचा. आता जुना पडून असलेला नियंत्रक दुरुस्त करून ट्रॉलीला जोडलाय. डबे निघत असतानाच 400 किलोचा साचा बाहेर तापतो. होज काढल्यापासून मशीनवर जोडेपर्यंत 25 मिनिटं जातात, त्यात दहा-बारा अंश उतरतात, ते चार मिनिटांत भरून निघतात. मला वाटलं होतं, वाटेतच गार होईल. पण एवढं पोलाद उष्णता सहजासहजी सोडत नाही.

एकदा मात्र फजिती झाली. घाईत ट्रॉलीवर फक्त फिरत्या अर्ध्याला होज लावल्या, दुसरा अर्धा गारच. साच्याच्या दोन भागांत चाळीस अंशांचा फरक पडला तर 300 मिलिमीटर अंतरावरच्या गाइड पिनांमध्ये सुमारे 0.14 मिलिमीटरचा फरक येतो. साचा उघडताना पिना आवळल्या, किंचाळल्यासारखा आवाज आला, आणि सेटरने हात वर केले. नशिबाने ओरखड्यांवर भागलं. तेव्हापासून दोन्ही अर्धे एकाच वेळी, आणि क्रेन उचलेपर्यंत दोन्ही अर्धे एकत्र धरणारी सेफ्टी पट्टी कसलेली. ती पट्टी साचा उघडण्याआधी काढायची, हे मशीनच्या दारावर लिहून ठेवलंय.

आता त्या एका गुणाकडे येतो.

होज काढा-जोडायला 16 मिनिटं जायची. क्लिपा, पाना, गळती. आम्ही झटपट लागणारी कपलिंगं आणली. दोन्ही बाजूंना व्हॉल्व्ह असलेली, म्हणजे काढल्यावर एक थेंब सांडत नाही. मीच निवडली, मापही मीच ठरवलं, आणि लहान माप स्वस्त पडतं म्हणून ते घेतलं. 16 ची 4 मिनिटं झाली. एकूण 112 वरून 39. मालकांनी पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले.

सहाव्या महिन्यात त्यांनी विचारलं, "बदल वेगाने होतो म्हणता, मग डबे कमी का निघतात?" मी उत्तर शोधत सेटिंग शीटवर गेलो. कूलिंगचा वेळ 14 सेकंदांऐवजी 16. एका शॉटची पूर्ण सायकल 32 वरून 34. सेटर म्हणाला, "डबा वाकडा होत होता साहेब, म्हणून वाढवला." त्याची काही चूक नव्हती, डबा खरंच वाकत होता.

मग बादली आणि घड्याळ घेतलं. परतीची होज बादलीत सोडून मिनिटभर मोजलं. जुन्या जोडणीने मिनिटाला 11 लिटर यायचे, आता 6. कपलिंगच्या आतला व्हॉल्व्ह पाण्याची वाटच अडवत होता. येणाऱ्या-जाणाऱ्या पाण्यातला फरक अडीच अंशांवरून साडेचारच्या वर गेलेला. शिवाय पाणी साच्यात खळाळत वाहिलं तर उष्णता नीट उचलतं. संथ झालं की मधोमधचं पाणी गारच राहून निघून जातं.

हिशेब बघा. 24 तास डबे चालले तर 32 सेकंदांनी 2700 शॉट, 34 ने 2541. म्हणजे 159 शॉट, जवळजवळ 85 मिनिटांचा माल. आणि कपलिंगने वाचवली होती किती? 12 मिनिटं. कमी नगांच्या ऑर्डरला हा सौदा परवडतो, पण दिवसभर चालणाऱ्या साच्याला हा शुद्ध तोटा. मी महिनोन्‌महिने 12 मिनिटांची टिमकी वाजवत होतो आणि रोज तासाच्या वर घालवत होतो. पैसे वाचवायला घेतलेल्या लहान मापाने.

विक्रेत्याशी दोनदा भांडलो. त्याचं म्हणणं, "तुम्ही गळती नको म्हणालात, प्रवाहाबद्दल काही बोलला नाहीत." खरं तर बरोबर होतं त्याचं, पण मी कबूल केलं नाही.

आता साच्याच्या बाजूला मोठ्या बोअरचं साधं निप्पल आहे, व्हॉल्व्ह फक्त होजकडे. काढण्याआधी हवेने साच्यातलं पाणी ढकलून बाहेर काढतो, नाहीतर प्लॅटनवर आंघोळ होते, आणि 80 अंशांचं पाणी असेल तर हातही भाजतो. त्यात दोन मिनिटं वाढली, एकूण 41 झाली. प्रवाह 10 लिटरवर आला, सायकल पुन्हा 32. आत-बाहेरच्या होज उलटसुलट लागू नयेत म्हणून लाल-निळ्या पट्ट्या लावल्या.

"एक आकडी मिनिटं" हे नावाचं स्वप्न आमच्यापासून अजून लांब आहे. बोल्ट खोलणं-कसणं आणि साचा चढवणं-उतरवणं यातच 21 मिनिटं जातात. सगळ्या साच्यांच्या क्लॅम्पिंग प्लेटची जाडी सारखी करून घेतली तर त्यातली काही कमी होतील. पण त्यासाठी दोन जुने साचे मिलिंगला पाठवावे लागतील, आणि मालक म्हणतात, आधी उरलेल्या अकरा साच्यांची निप्पल बदला. तीन बदलून झाली. चौथ्या साच्याचे आटे गंजलेत, काल एक निप्पल आतच तुटलं, ते काढायचं काम अजून चालू आहे.