फोटो गेला, गणित टाइप करायचंय: मोकळी जागा, कॉमा की सरळ समीकरणं?

पुस्तकाच्या पानाचा फोटो ग्रुपवर उघडत नाही, ज्याने काढला त्याच्याही फोनमधून तो गेलेला असतो. हाताशी राहतं रफ वहीतलं एक पान आणि पुस्तकामागचं उत्तर. आता ते गणित एका ओळीत बसेल अशा साध्या अक्षरांत पुन्हा लिहायचं, म्हणजे ते ग्रुपवर टाकता येईल आणि सायलॅब या गणिताच्या प्रोग्रॅममध्ये चिकटवताही येईल. (पवईच्या आयआयटीतला फॉसी प्रकल्प सायलॅबचा बराच प्रसार करतो, म्हणून उदाहरणं त्यातली. ऑक्टेव्हमध्येही ती तशीच चालतात.)

उदाहरणाला हे गणित घेऊ. उत्तर x = 3, y = 1, z = 2.

```
2x - y + 4z = 13
x + 3y - z = 4
5x - 6z = 3
```

हा झाला पहिला पर्याय: समीकरणं जशीच्या तशी, एकाखाली एक. माणसाने वाचायचं असेल तर याच्याइतकं सोपं काही नाही. प्रत्येक सहगुणकाला त्याचं चल चिकटलेलं असतं, त्यामुळे तिसऱ्या समीकरणात y नाही म्हणून काही बिघडत नाही. पदं मागेपुढे झाली तरी अर्थ तोच राहतो. अडचण दोन ठिकाणी येते. हाताने काढलेला z आणि 2 सारखेच दिसतात, म्हणून 4z चा घाईत 42 होतो. शिवाय सायलॅबला 2x कळत नाही, म्हणजे सहगुणक वेगळे काढून लिहिण्याचं काम पुढच्या माणसावर पडतं. दोन चलांचं गणित असेल तर मी तरी मॅट्रिक्सच्या वाटेला जाणार नाही. तीन चलांपासून मात्र विचार करावा लागतो.

दुसरा पर्याय बहुतेकांच्या हातात बसलेला: आकड्यांमध्ये मोकळी जागा, ओळ संपली की सेमिकोलन. उजवीकडची बाजू चौथा स्तंभ म्हणून जोडली की असं दिसतं:

```
M = [2 -1 4 13; 1 3 -1 4; 5 0 -6 3]
```

दिसायला सुटसुटीत, टाइप करायला झटपट. विरार लोकलमध्ये एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने लिहायचं तर हेच बरं वाटतं. पण माझं मत याच्या विरोधात जातं ते एकाच गोष्टीमुळे, आणि ती गोष्ट म्हणजे उणे चिन्ह.

इथे मोकळी जागा हाच विभाजक आहे. `2 -1` म्हणजे दोन आकडे, दोन आणि उणे एक. `2 - 1` म्हणजे वजाबाकी, म्हणून एकच आकडा, एक. वहीत आपण उणेच्या दोन्ही बाजूंना जागा सोडतो, तीच सवय टाइप करताना उतरते. आता वरच्या मॅट्रिक्सकडे पुन्हा पाहा. प्रत्येक ओळीत नेमकं एक उणे आहे. तिन्ही ठिकाणी ती जागा पडली तर:

```
M = [2 - 1 4 13; 1 3 - 1 4; 5 0 - 6 3]
```

सायलॅब हे बिनतक्रार घेतो आणि आत काय ठेवतो?

```
1   4  13
1   2   4
5  -6   3
```

तीन बाय चारचं मॅट्रिक्स तीन बाय तीन झालं, तेही लालभडक एरर न दाखवता. वर ते चौरस झाल्यामुळे त्याचा निश्चयकही निघतो, -110. मूळ सहगुणकांचा निश्चयक -97 आहे. दोन्ही आकडे सारखेच विश्वासार्ह दिसतात, आणि ग्रुपवर अर्धा तास पुस्तकातलं उत्तर चुकलंय का यावर चर्चा होते. एकाच ओळीत चूक झाली असती तर ओळींची लांबी जुळत नाही म्हणून प्रोग्रॅम ओरडला असता. ओरडणारी चूक परवडते, गप्प बसणारी नाही. वर्डमधून चिकटवलं की उणेच्या जागी लांब आडवी रेघ येते, ती त्रासदायक खरी, पण प्रोग्रॅम ती सहसा नाकारतो, म्हणून तिची भीती कमी.

म्हणून तिसरा पर्याय:

```
M = [2, -1, 4, 13; 1, 3, -1, 4; 5, 0, -6, 3]
```

कॉमा आला की मोकळ्या जागेला महत्त्व उरत नाही. `2, - 1, 4` असं लिहिलं तरी उणे एक हा उणे एकच राहतो. अंगठ्याला नऊ कॉमांचं जादा काम पडतं, आणि फोनच्या कीबोर्डवर चिन्हांच्या पानावर ये-जा करावी लागते, हे मान्य. पायथनसाठी लिहायचं तर प्रत्येक ओळीला स्वतःचा चौकटी कंस द्यावा लागतो, `[[2,-1,4],[1,3,-1],[5,0,-6]]`. तेही चालेल, पण कंस मोजत बसावे लागतात. तिथेही कॉमा राहून `[2 -1, 4]` झालं, तर पायथन जागा असो वा नसो सरळ वजाबाकी करून `[1, 4]` देतो.

कॉमा सगळं सांभाळतो असं मात्र नाही. तिसऱ्या ओळीतला शून्य विसरलात तर ओळ आखूड पडते आणि एरर येतो, ते ठीक. पण "तीन हवेत ना" म्हणून कोणी शून्य शेवटी टाकला, `5, -6, 0`, तर अर्थ 5x - 6y असा होतो आणि प्रोग्रॅम गप्प राहतो. त्यासाठी पुस्तकामागचं उत्तर कामाला येतं. उजवी बाजू वगळून सहगुणक A मध्ये ठेवा आणि उत्तराने गुणा:

```
A = [2, -1, 4; 1, 3, -1; 5, -6, 0]
A*[3; 1; 2]
```

13, 4, 9 येतं. हवं होतं 13, 4, 3. म्हणजे पहिल्या दोन ओळी उत्तराशी जुळतात आणि घोळ तिसरीत आहे, एवढं कुठलंही समीकरण न सोडवता कळतं. मॅट्रिक्सच्या बाजूने माझा कल आहे तो यासाठीही. समीकरणांच्या स्वरूपात हीच पडताळणी हाताने करावी लागते.

याच गुणाकाराने पुसट आकडाही परत मिळतो. समजा तिसऱ्या ओळीत z चा सहगुणक वाचताच येत नाही. तिथे अंदाजाने काही न लिहिता k ठेवा: 5·3 + 0·1 + k·2 = 3, म्हणून k = -6. एका ओळीत एक आकडा गेला असेल तर तो असा निघतो. त्याच ओळीतले दोन गेले तर एका समीकरणात दोन अज्ञात उरतात, मग दुसऱ्या कोणाची वही शोधण्याला पर्याय नाही. एक अपवाद लक्षात ठेवा: उत्तरात ज्या चलाची किंमत शून्य आहे, त्याचा सहगुणक या युक्तीने मिळत नाही. तो काहीही असला तरी गुणाकार शून्यच येतो. मग ते रिकामं घर `?` लिहूनच ग्रुपवर टाकावं. रफ वहीत देवनागरी आकडे असतील तर १ आणि 9 यांचा घोळही याच पडताळणीत सापडतो.

अपूर्णांक असले तर कॉमावाल्या पद्धतीतही कंस विसरू नका. छापील पानावर अपूर्णांकाची आडवी रेघ स्वतःच कंसाचं काम करते, एका ओळीत ती रेघ जाते. रेघेवर a + 1 आणि खाली 2 असेल तर `(a+1)/2` लिहावं. `a+1/2` लिहिलं तर फक्त एकाला दोनाने भागलं जातं, आणि इथेही प्रोग्रॅम तक्रार करत नाही.