हीटसिंक विकत घेण्याआधी तिच्या तळाला प्रोब लावून पाहा

परभणीत माझे लग्नाचे व्हिडिओ एडिट करण्याचे छोटे दुकान आहे. उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खोलीत पारा ४० अंशांवर जातो. तशात संगणक रेंडर करताना अडखळू लागला, तेव्हा दुरुस्तीवाल्याने प्रोसेसरची उष्णता हवेत सोडणारी धातूची "हीटसिंकच छोटी आहे" असे ठामपणे सांगून मोठी, महागडी हीटसिंक बसवली आणि वर "सिल्व्हर पेस्ट"चे वेगळे पैसे घेतले. तरीही प्रोसेसर ९८ अंशांवर जाऊन आपला वेग कमी करत राहिला. दुरुस्तीवाल्याचे म्हणणे एकच: "आपल्याकडचं ऊनच तसं आहे."

हा दावा पडताळणे अवघड नाही. प्रोसेसरच्या चिपच्या गाभ्यातली उष्णता आधी वरच्या धातूच्या झाकणात, मग मधली फट भरणाऱ्या पेस्टमधून हीटसिंकच्या तळात आणि शेवटी हवेत जाते. या प्रत्येक टप्प्याचा अडथळा दर वॅटमागे किती अंशांचा फरक पडतो, यावरून मोजतात. मल्टीमीटरचा तापमानाचा प्रोब हीटसिंकच्या तळाच्या कडेला दाबून धरला, तर ५२ अंश दिसले. त्या वेळी प्रोसेसर, सॉफ्टवेअरनुसार, ६० वॅट वीज घेत होता. म्हणजे तळापासून खोलीतल्या ४० अंशांच्या हवेपर्यंत फरक फक्त १२ अंश, अर्थात दर वॅटमागे ०.२ अंश, आणि गाभ्यापासून तळापर्यंत मात्र ४६ अंश, म्हणजे जवळपास ०.७७. सेन्सर चार-दोन अंश इकडेतिकडे दाखवत असला, तरी एवढी मोठी तफावत त्यात बसत नाही. हीटसिंक कोमट आणि चिप तापलेली असेल, तर अडथळा हीटसिंकच्या अलीकडे असतो. उलट हीटसिंकच चटका देत असती, तर पंखा, धूळ किंवा खोलीची हवा यांना दोष देता आला असता.

हीटसिंक उघडली, तेव्हा सिल्व्हर पेस्टचा मागमूसही नव्हता. जुन्या, वाळून खडखडीत झालेल्या थरावरच साधी पांढरी पेस्ट थापली होती आणि दोन्ही मिळून सुमारे अर्धा मिलिमीटर जाडी झाली होती. तसल्या स्वस्त पेस्टची वाहकता १ वॅट प्रति मीटर-केल्विनच्या आसपास धरली, तर ३ सेंटिमीटर बाजूच्या चौरस झाकणावर तेवढा थर एकटाच ०.५६ अंश प्रति वॅट अडवतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पृष्ठभाग पुसून पातळ थर लावल्यावर त्याच कामात, त्याच खोलीत, प्रोसेसर ६८ अंशांवर थांबला. नंतर जुनी हीटसिंक याच पद्धतीने बसवून पाहिली, तेव्हा ७७ अंश आले. नवी हीटसिंक खोटी नव्हती, पण तिची गरजच नव्हती.

बिलावर त्याने नुसते "सर्व्हिसिंग" लिहिले होते. पेस्टचे नाव आणि जुना थर काढल्याची नोंद आधीच लिहून घेतली असती, तर वाद सोपा झाला असता. फोटो दाखवल्यावर त्याने पेस्टचे पैसे मुकाट्याने परत केले. हीटसिंक मात्र आता "वापरलेला माल" ठरली.