सात महिने pdfplumber: दोन-तीन ओळींचं वर्णन आणि बिलातल्या खोट्या वस्तू

पुरवठादारांची पीडीएफ बिलं वाचून त्यातल्या वस्तू स्टॉकच्या नोंदीत टाकायच्या, एवढंच काम होतं. त्यासाठी `pdfplumber` ही पायथनची लायब्ररी घेतली, त्याला आता सात महिने झाले. तिच्यात करता येण्यासारखं बरंच आहे, पण मी लिहितोय ते एकाच दुखण्याबद्दल, कारण माझा निम्मा वेळ त्यातच गेला. वस्तूचं वर्णन रकान्यात मावत नाही, खालच्या ओळीवर उतरतं, आणि ती उतरलेली ओळ प्रोग्रामला नवी वस्तू वाटते.

हे मला कळलं तेही उशिरा. स्टोअर सांभाळणाऱ्या सहकाऱ्याने एक दिवस विचारलं, "हे 'टेफ्लॉन सीटसह' नावाचं काय मागवलंय आपण? शिल्लक शून्य दाखवतंय." यादी उघडली तर असे बरेच निघाले: 'दोन्हीकडे आटे', 'गंजरोधक कोटिंग', एक तर नुसतंच 'आणि नट'. मी निर्धास्त होतो, कारण सगळ्या वस्तूंच्या रकमांची बेरीज बिलाच्या बेरजेशी जुळते की नाही ते तपासत होतो आणि ती रोज जुळत होती. जुळणारच. खोट्या वस्तूला रक्कमच नसते, त्यामुळे ती बेरजेत कुठेच डोकावत नाही.

ज्या बिलांत प्रत्येक वस्तूभोवती आडव्या-उभ्या रेघा आखलेल्या असतात, तिथे हा प्रश्न जवळजवळ येतच नाही. `extract_table()` मूळ सेटिंगवरच रेघांवरून चौकटी ओळखतं आणि तीन ओळींचं वर्णन एकाच चौकटीत, मध्ये `\n` घालून देतं. फक्त एक आड एक ओळीला रंगीत पट्टी असेल तर त्या पट्टीच्या कडाही ते रेघाच धरतं. पट्टी वस्तूनुसार नसून छापील ओळीनुसार असेल तर घोळ होतो. तिथे `lines_strict` वापरावं, ते आयतांच्या कडा सोडून देतं.

खरी डोकेदुखी बिनरेघांच्या बिलांची. तिथे मी आधी सगळे करतात तेच केलं: ओळीत रक्कम नसेल तर ती वरच्या वस्तूला चिकटवायची. रक्कम वर्णनाच्या पहिल्या ओळीसमोर छापलेली असेल तर हे चालतं. पण एका पुरवठादाराच्या बिलात नग, दर आणि रक्कम वर्णनाच्या उभ्या मध्यावर येतात. त्यांच्या एका पानावरचे `top` देतो, म्हणजे पानाच्या वरच्या कडेपासूनचं अंतर, पॉइंटमध्ये.

पहिल्या वस्तूचं वर्णन तीन ओळींचं: २१२.४, २२४.० आणि २३५.६ वर. तिची रक्कम २२४.० वर. दुसरी वस्तू एकाच ओळीची, २५३.२ वर. तिसरीचं वर्णन दोन ओळींचं, २७०.८ आणि २८२.४ वर, आणि रक्कम २७६.६ वर, म्हणजे दोन ओळींच्या बरोबर मधोमध. ती वर्णनाच्या कुठल्याच ओळीशी समपातळीत नाही. `y_tolerance`, म्हणजे एका ओळीत धरायला चालणारा उभा फरक, मुळात ३ असतं आणि इथे फरक ५.८ चा, त्यामुळे `extract_text()` ने तीन वेगळ्या ओळी दिल्या: अर्धं वर्णन, मग नुसते आकडे, मग उरलेलं वर्णन. माझ्या नियमाने तिसऱ्या वस्तूची पहिली ओळ दुसऱ्या वस्तूला जोडली आणि आकडे बिननावाचे राहिले. टॉलरन्स ६ केला तर तिन्ही ओळी कधी एकत्र येत, पण शब्दांचा क्रम विस्कटे. तो नाद सोडला.

मग 'जवळच्या रकमेला जोडा' करून पाहिलं. या पानावर ते बरोबर आलं. पण रक्कम पहिल्या ओळीसमोर असलेल्या बिलात तीन ओळींचं वर्णन आलं की तिसरी ओळ स्वतःच्या रकमेपासून २३.२ वर पडते आणि पुढच्या वस्तूच्या रकमेपासून १७.६ वर. झालं, ती शेजाऱ्याकडे गेली.

उत्तर वरच्याच आकड्यांत होतं. एका वर्णनाच्या आत ओळींमधलं अंतर ११.६, दोन वस्तूंच्या मध्ये १७.६. म्हणून रकमेकडे न बघता आधी फक्त वर्णनाचा रकाना कापून घ्यायचा आणि अंतरावरून गठ्ठे पाडायचे:

```python
col = page.crop((62, 190, 300, 700))
blocks = []
for ln in col.extract_text_lines():
    limit = 1.6 * (ln["bottom"] - ln["top"])
    if blocks and ln["top"] - blocks[-1][-1]["top"] < limit:
        blocks[-1].append(ln)
    else:
        blocks.append([ln])
```

`crop` केल्यावरही अंतरं मूळ पानाचीच राहतात, हे सोयीचं. इथे अक्षरांची उंची ९ आहे, म्हणजे मर्यादा १४.४, ११.६ आणि १७.६ च्या मधे. आधी मी मर्यादा पानावरच्या सगळ्यात लहान अंतरावरून काढत होतो आणि त्यावर खूश होतो. मग एक बिल आलं ज्यात सगळ्याच वस्तू एकेका ओळीच्या होत्या. सगळ्यात लहान अंतर तिथे १७.६, त्यामुळे अख्खं बिल एक वस्तू झालं.

गठ्ठे पडले की आकडे जोडायचे. रक्कम ज्या ओळीवर आहे तिचा उभा मध्य ज्या गठ्ठ्याच्या पहिल्या `top` आणि शेवटच्या `bottom` च्या आत येतो, तो तिचा. तिसऱ्या वस्तूचा गठ्ठा २७०.८ ते २९१.४, रकमेचा मध्य २८१.१. बसला. रक्कम वर छापा, मध्ये छापा की खाली, नियम तोच राहतो, आणि त्यासाठी पुरवठादारानुसार वेगळी सेटिंग ठेवावी लागत नाही. रकान्याच्या कडा मात्र ठेवाव्या लागतात. वरचे ६२ आणि ३०० हे त्या एकाच पुरवठादाराचे आहेत.

बेरजेच्या जागी आता तपासणी वेगळी आहे: एका गठ्ठ्यात नेमकी एक रक्कम हवी. दोन निघाल्या तर गठ्ठे चिकटलेत. एकही नसेल तर ती ओळ पोरकी आहे. रकमेऐवजी नग धरणं जास्त बरं, कारण फुकट दिलेल्या वस्तूची रक्कम काही जण कोरीच सोडतात आणि मग खरी वस्तूच पोरकी ठरते. अनुक्रमांकावर विसंबायचं असेल तर `x0`, म्हणजे पानाच्या डाव्या कडेपासूनचं अंतर, बघूनच. '१० मीटर लांबी' अशी उतरलेली ओळ आकड्यानेच सुरू होते, पण ती वर्णनाच्या रकान्यात असते.

जिथे हे चालत नाही तेही सांगतो. काही बिलांत वस्तूंच्या मध्ये जास्तीची जागाच नसते, सगळीकडे ११.६. तिथे गठ्ठ्यात एकाहून जास्त नग दिसतात, म्हणून निदान कळतं तरी. त्यातही नग पहिल्या ओळीसमोर असतील तर जुनाच नियम पुरतो, मध्यावर असतील तर मी ते बिल बाजूला काढतो. स्कॅन केलेल्या बिलांत मजकूरच नसतो, तिथे ही लायब्ररी काही देत नाही.

राहिला पानाचा शेवट. वर्णनाच्या दोन ओळी एका पानावर, तिसरी पुढच्या पानाच्या शीर्षकपट्टीखाली. पुढच्या पानावरचा पहिलाच गठ्ठा पोरका असेल तर तो मागच्या पानाच्या शेवटच्या वस्तूला जोडतो, आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघतं. पण मध्यावर रक्कम छापणाऱ्यांच्या बिलात कधी पहिली ओळ मागच्या पानावर पोरकी आणि आकडे पुढे गेलेले असतात. दोन्ही शक्यता एकाच वेळी दिसल्या की प्रोग्राम थांबतो, आणि ते बिल मी हाताने भरतो.